शिफारसपत्र मागताना: सगळं एकाच मेलमध्ये, की आधी होकार आणि मग तपशील?

मास्टर्सच्या अर्जासाठी शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं हे तुमचं ठरलेलं आहे, असं धरून चालतो. प्रोजेक्टचे गाइड असतील, विभागातल्या मॅडम असतील किंवा ऑफिसातले जुने मॅनेजर. आता मेल लिहायला बसल्यावर दोन रस्ते दिसतात. पहिला एकगठ्ठा: विनंती, सीव्ही, मार्कशीट, एसओपी, कोर्सची यादी, तारखा, सगळं एकाच मेलमध्ये. दुसरा दोन टप्प्यांचा: आधी चार-सहा ओळींत फक्त विचारायचं, होकार आला की तपशील पाठवायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आता अधूनमधून माझ्याकडेही अशा विनंत्या येतात, त्यामुळे पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं याचीही थोडी कल्पना आहे.

एकगठ्ठा मेलची बाजू आधी सांगतो, कारण ती कमकुवत नाही. समोरचा माणूस कामात असतो, त्याला सारखं छळू नये, एकदाच काय ते द्यावं, हा विचार चांगलाच आहे. सगळं एका जागी राहतं आणि शोधायला सोपं पडतं. वेळ कमी असेल तर दुसरा पर्यायही नसतो. शिवाय असा मेल लिहिताना आपलीच तयारी होते. कोर्सचं नेमकं नाव काय, पत्र पोर्टलवर जाणार की मेलने, लेटरहेड लागतं का, हे सगळं शोधून काढावंच लागतं.

मला त्यात खुपलेली गोष्ट एकच. उत्तर येतं ते असं: ‘ठीक आहे, बघतो.’

या ‘बघतो’चं करायचं काय? तो होकार नाही, म्हणून पोर्टलवर सरांचं नाव भरता येत नाही. नकारही नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. विचारलं आणि मग सरांनीही पत्र लिहायला घेतलं, तर दोघांपैकी एकाला तोंड दाखवणं अवघड होतं. चारच दिवसांत पुन्हा विचारायलाही जीभ रेटत नाही. माझे कितीतरी दिवस असे अधांतरी गेले, आणि मेलमध्ये कमी असं काहीच नव्हतं: तीन अटॅचमेंट, यादीची लिंक, तारखा ठळक अक्षरात.

असं का होतं ते मला विनंत्या येऊ लागल्यावर कळलं. मेल बहुधा दोन मीटिंगच्या मध्ये, फोनवर उघडला जातो. पहिल्या परिच्छेदात विनंती, खाली चार फाइली. हे वाचायला निवांत बसावं लागेल असं वाटतं, म्हणून त्यावर तारा लावून ठेवायचा आणि सौजन्य म्हणून ‘बघतो’ लिहायचं. त्या क्षणी खरं तर एवढंच ठरवायचं असतं की या मुलाबद्दल मला चांगलं लिहिता येईल की नाही. पण फाइलींच्या गर्दीत तो प्रश्नच मागे पडतो. वर असंही वाटतं की पोराने एवढी तयारी केली आहे, आता नाही कसं म्हणावं? मग मिळमिळीत होकार जातो आणि मिळमिळीत पत्र लिहिलं जातं. ‘हा विद्यार्थी नियमित आणि मेहनती आहे’ या ओळीने कोणाचं भलं होत नाही.

दोन टप्प्यांच्या पद्धतीत पहिला मेल फोनवर, उभ्या उभ्या वाचून उत्तर देता येईल इतकाच असतो. उदाहरण म्हणून समजा पाच ठिकाणी अर्ज करायचे आहेत. सगळ्यात लवकरची तारीख १ डिसेंबर, मधल्या तीन १५ डिसेंबरच्या, शेवटची ५ जानेवारी. पहिला मेल ६ ऑक्टोबरला जातो, म्हणजे हातात आठ आठवडे. मजकूर साधारण असा:

‘सर, नमस्कार. गेल्या वर्षी मी तुमच्याकडे पाणीपातळीच्या सेन्सरचा प्रोजेक्ट केला होता. पुढच्या वर्षीच्या मास्टर्ससाठी मी पाच ठिकाणी अर्ज करतो आहे. माझ्या कामाबद्दल नेमकं लिहिता येईल इतकी ओळख आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर शिफारसपत्र द्याल का? पहिली तारीख १ डिसेंबर आहे, सगळी पत्रं ऑनलाइन भरायची आहेत. या सत्रात वेळ नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय करेन. तुमचा होकार आला की त्याच दिवशी बाकी तपशील पाठवतो.’

यात चार गोष्टी आहेत: मी कोण, किती पत्रं, पहिली तारीख, आणि नाही म्हणायला मोकळी वाट. शेवटची गोष्ट लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. ‘नेमकं लिहिता येईल इतकी ओळख’ या शब्दांमुळे ज्यांना तुम्ही धड आठवत नाही तेही मान राखून बाजूला होऊ शकतात. ऑक्टोबरात आलेला नकार परवडतो. नोव्हेंबरच्या शेवटी कळला तर धावाधाव.

होकार आल्यावरचा मेल मात्र भरगच्च हवा, आणि तो आधीच तयार करून ठेवलेला हवा. या पद्धतीचा खरा धोका इथे आहे. सर हो म्हणतात आणि आपण यादी पक्की करण्यात दहा दिवस घालवतो. तोवर त्यांचा उत्साह ओसरतो. म्हणजे तयारीची मेहनत दोन्हीकडे सारखीच, फक्त पाठवण्याचा क्रम वेगळा.

दुसऱ्या मेलमध्ये मी सर्वात वर पाच ओळींचा तक्ता ठेवतो, तोही मेलच्या अंगातच. शेअर केलेली शीट दिसायला नीटस वाटते, पण परवानगीच्या भानगडीत अडकते आणि फोनवर वाचवत नाही. दर ओळीत कोर्सचं पूर्ण नाव, संस्था, शेवटची तारीख आणि पत्र कसं जाणार हे. कोर्सचं नाव कॉपी करून चिकटवता येईल असं द्यावं, कारण सर एकच पत्र पाच जागी वापरतात आणि एका पत्रात दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून जाण्याचा प्रकार सर्रास घडतो. फाइलींची नावंही संस्थेनुसार सुचवली तर हा घोळ कमी होतो.

तारखांबाबत एक वाद नेहमी ऐकतो: सरांना मुद्दाम आधीची तारीख सांगावी का? मी सांगत नाही. पोर्टलच्या मेलमध्ये बऱ्याचदा खरी तारीख छापलेली असते, ती दिसली की आपल्या इतर तारखांवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा सरळ लिहावं: ‘शेवटची तारीख १ डिसेंबर, शक्य झाल्यास २४ नोव्हेंबरपर्यंत गेलं तर मी निश्चिंत होईन.’ संस्था दुसऱ्या देशात असेल तर रात्री ११:५९ ही वेळ बहुधा तिथल्या घड्याळाची असते. सरांच्या घड्याळात ती किती होते हे आपण काढून द्यायचं. ते गणित त्यांच्यावर सोडू नये.

पोर्टलचं वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे क्रम चुकला की दोन्ही पद्धती सारख्याच अडतात. अनेक पोर्टलवर शिफारस देणाऱ्याचा पत्ता भरून सेव्ह केला की लगेच आपोआप मेल सुटतो. काही ठिकाणी तो तुमचा अर्ज सबमिट झाल्यावरच जातो. पहिल्या प्रकारात होकाराआधी नाव भरलं, तर सरांना विनंतीच्या आधी यंत्राचा मेल मिळतो, आणि ते बरं दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात आपणच अर्ज ३० नोव्हेंबरला भरला, तर सरांच्या हातात एकच दिवस उरतो. म्हणून तक्त्यात कोणती लिंक कधी येईल हेही लिहावं. सोबत दोन सूचना: मेल स्पॅममध्ये गेला असू शकतो, आणि कोणता पत्ता भरायचा ते सरांनीच सांगावं. संस्थेचा किंवा कंपनीचा अधिकृत पत्ता असलेला बरा, काही ठिकाणी तोच लागतो. लिंक उघडल्यावर नुसतं पीडीएफ चढवून भागत नाही. किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, इतरांच्या तुलनेत कितवा क्रमांक लावाल, असे प्रश्नही बहुधा असतात. हे आधी माहीत असेल तर सर पाच मिनिटं जास्त काढून बसतात.

तक्त्याखाली सरांची आठवण जागी करणारा मजकूर. इथे विशेषणं देऊ नयेत, घटना द्याव्यात. ‘चिकाटी आहे’ असं लिहिण्याऐवजी: ‘दुसऱ्या महिन्यात रात्रीची रीडिंग्ज सलग चुकत होती, तेव्हा सेन्सरचं घड्याळ मागे पडतं आहे हे शोधून काढलं आणि तुम्ही ते पुढच्या बॅचच्या सूचनांमध्ये घातलंत.’ अशा दोन-तीन घटना पुरेत. सीव्ही आणि एसओपी जोडायचेच, पण सर आधी वाचतील तो हा परिच्छेद. एका अर्जाला तीन जणांची पत्रं लागत असतील, तर बाकी दोन पत्रं कोण देणार आहे हेही एका ओळीत सांगावं. एक वर्गातल्या कामाबद्दल लिहितो, दुसरा नोकरीबद्दल, हे कळलं की सर प्रोजेक्टवर मोकळेपणाने लिहितात.

‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’ हे उत्तर दोन्ही पद्धतींत येऊ शकतं. अनेक संस्थांना असं पत्र चालत नाही, आणि तीन पत्रांची भाषा एकसारखी वाटली तर वाचणाऱ्याला शंका येते. दोन टप्प्यांत घटनांचा परिच्छेद तयारच असतो, त्यामुळे ‘सर, मुद्दे दिले आहेत, शब्द तुमचे असू द्या’ असं अदबीने म्हणता येतं. सगळेच ऐकतील असं नाही.

आठवण करून देण्याबाबत दोन्हीकडे फार फरक नाही. पहिली आठवण साधारण दोन आठवडे आधी, दुसरी तीन-चार दिवस आधी, आणि दोन्ही त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे तक्ता खालीच सापडतो. पाठवण्यापूर्वी पोर्टलवर पत्र पोहोचल्याची नोंद झाली आहे का ते पाहून घ्यावं. पाठवून झालेल्या पत्राची आठवण करून दिली तर कोणीही वैतागेल.

तर मी दोन टप्प्यांकडे झुकतो, हे लपलेलं नाहीच. पण तारीख दोन आठवड्यांच्या आत आली असेल, किंवा सरांनी समोरासमोर ‘पाठव’ म्हटलं असेल, तर एकगठ्ठाच पाठवा. होकार मिळालेलाच आहे, किंवा त्याची वाट पाहायला वेळ नाही. ऑफिसातल्या मॅनेजरचंही थोडं वेगळं असतं. काही कंपन्या लेटरहेडवर नोकरीच्या तारखा आणि पद यापलीकडे लिहू देत नाहीत, म्हणून त्यांना पहिल्याच मेलमध्ये पत्राचं स्वरूप सांगितलेलं बरं. आणि लहान मेललाही आठवडाभर उत्तर आलं नाही, तर एकदा फोन करावा किंवा जाऊन भेटावं. तिथेही ‘बघतो’च ऐकू आलं, तर दुसऱ्या नावाकडे वळावं आणि सरांना दोन ओळींत कळवून टाकावं की सोय झाली आहे, त्रास घेऊ नका.