उतारावरचा ठोकळा: अक्ष तिरके घ्यायचे की सरळ?

अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात उतारावरचा ठोकळा आला की फ्री बॉडी डायग्रामपाशी एक निवड करावी लागते. अक्ष उताराला समांतर आणि लंब असे तिरके घ्यायचे, की नेहमीसारखे आडवे-उभे? उत्तर दोन्हीकडून तेच येतं. फरक पडतो तो गणित किती लांबतं आणि चूक कुठे शिरते यात.

अक्ष ठरवण्याआधीची आकृती मात्र एकच. ठोकळा उतारापासून सुटा काढा आणि तीन बाण द्या: वजन mg सरळ खाली, अभिलंब बल N पृष्ठभागाला लंब, घर्षण f पृष्ठभागालगत. चौथा बाण नाही. 'खाली ओढणारं बल' म्हणून mg sinθ वेगळं काढलं, तर तेच वजन दोनदा मोजलं जातं. घटक दाखवायचेच असतील तर तुटक रेषेने. आणि उतार साधारण २०–२५ अंशांचा काढा. ४५च्या आसपास काढला की sin आणि cos सारखेच दिसतात, अदलाबदल झाली तरी डोळ्यांना खटकत नाही.

आता ५ किलोचा ठोकळा ३०° उतारावर ठेवा. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.६, गतिक घर्षणाचा ०.४, g = ९.८. ठोकळा खाली घसरतोय असं धरून दोन्ही पद्धतींची समीकरणं शेजारी मांडू (सरळ पद्धतीत x उताराच्या दिशेने आडवा, y वर):

| तिरके अक्ष | सरळ अक्ष |
|---|---|
| N − mg cosθ = 0 | N cosθ + f sinθ − mg = −ma sinθ |
| mg sinθ − f = ma | N sinθ − f cosθ = ma cosθ |

डावीकडे फक्त वजनाचे घटक पाडावे लागले. N लगेच ४२.४ न्यूटन मिळतो. उजवीकडे N, f आणि त्वरण या तिघांचेही घटक पडले, शिवाय दोन्ही समीकरणं एकदम सोडवायची. सरळ अक्षांतली खरी गफलत पहिल्या ओळीत होते: 'उभ्या दिशेत समतोल' म्हणून उजवी बाजू शून्य लिहिली जाते. पण घसरणारा ठोकळा खालीही जातोय, त्याच्या त्वरणाला उभा घटक आहे. तो विसरून f = ०.४N घातलं की N सुमारे ४६ न्यूटन येतो. आकडा इतका जवळचा की चूक झाल्याचा संशयही येत नाही. बरोबर उत्तर: f १७.० न्यूटन, त्वरण सुमारे १.५ मी/से².

पण मुळात हा ठोकळा आपणहून घसरेल का? इथे तिरके अक्षही वाचवत नाहीत. घाईत f = ०.६ × ४२.४ = २५.५ न्यूटन लिहिलं आणि mg sinθ = २४.५ त्यातून वजा केलं, तर ठोकळा स्वतःच उतार चढू लागतो! μN ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, त्याची किंमत नव्हे. आधी a = 0 धरा, लागणारं घर्षण काढा (२४.५), ते मर्यादेत (२५.५) बसतंय का पाहा. बसतंय, म्हणजे ठोकळा जागचा हलत नाही आणि घर्षण २४.५ न्यूटनच. धक्का देऊन तो खाली सरकवला तरच वरचं १.५चं त्वरण लागू.

स्थिर ठोकळ्यासाठी सरळ अक्षांचा एक फायदा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. N आणि f यांचे आडवे घटक एकमेकांना रद्द करतात, उभ्या घटकांची बेरीज ४९ न्यूटन. म्हणजे उतार ठोकळ्याला एकूण सरळ वर, वजनाइतकंच ढकलतो. तिरक्या अक्षांत हे चित्र दोन तुकड्यांत विभागलं जातं.

निवडीचा निकष उताराच्या तिरकेपणात शोधू नका, त्वरणाच्या दिशेत शोधा. ठोकळा उतारावरून वर-खाली सरकतोय, किंवा दोरी-कप्पीने बांधलाय, तर अक्ष तिरके. तिथे सरळ अक्ष घेणं म्हणजे हौस. घाटातल्या कललेल्या वळणावरची गाडी मात्र दिसायला तशीच, पण तिचं त्वरण वळणाच्या केंद्राकडे, आडवं. तिथे अक्ष सरळ घ्या. सवयीने तिरके घेऊन N = mg cosθ लिहिलं तर घर्षण नसलेल्या २०° वळणावर N वजनाच्या ०.९४ पट येतो. प्रत्यक्षात तो mg/cosθ, म्हणजे १.०६ पट असतो. कारण त्या आडव्या त्वरणाचा एक घटक रस्त्याला लंब आहे, आणि N − mg cosθ शून्य नसून ma sinθ आहे.