फॉलोअपचा केसपेपर: काही महिने वापरल्यानंतर

छोट्या दवाखान्यात पहिल्या भेटीचा केसपेपर बहुधा नीटच लिहिलेला असतो. तक्रार, जुने आजार, तपासणी, औषधं, सगळं असतं. गाडी घसरते ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून. तारीख, खाली ‘बीपी ठीक, तेच चालू’ आणि सही. अशी पाच पानं उलटल्यावर पेशंट नेमकं काय घेतोय, हे औषधांच्या पिशवीतूनच शोधावं लागतं. नवा साचा आम्ही केला तो याच जागेसाठी, आणि आता तो बरेच महिने रोजच्या गर्दीत वापरून झालाय.

रचना साधी आहे. पुढच्या बाजूला समस्यांची क्रमांकित यादी: १ रक्तदाब, २ मधुमेह, ३ गुडघेदुखी, असं. समस्या संपली की पुढे तारीख पडते, पण तो क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही. ही कल्पना आमची नाही. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली समस्यानिहाय नोंदींची पद्धत सविस्तर मांडली होती. मागच्या बाजूला आडवा तक्ता आहे आणि प्रत्येक भेटीला एकच ओळ. आधी कंपाउंडरने भरायचे रकाने: ठरलेली तारीख, प्रत्यक्ष आल्याची तारीख, वजन, बीपी, साखर. पुढे डॉक्टरचे: कोणत्या क्रमांकासाठी आला, गोळी किती दिवस चुकली, नवी तक्रार, औषधात बदल व कारण, पुढची तारीख.

सगळ्यात उपयोगी रकाना कोणता, असं विचारलं तर मी ‘बदल व कारण’ म्हणेन. एक उदाहरण देतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. साठीकडे झुकलेल्या बाई, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू. तक्त्यात सलग तीन ओळी होत्या: १४८/९२, १५२/९०, १४६/९४. गोळी चुकल्याचे दिवस तिन्ही वेळा शून्य. सुट्या कागदांवर यातला प्रत्येक आकडा ‘थोडं जास्त, पुढच्या वेळी बघू’ म्हणून सुटतो, कारण पुढच्या वेळी मागचा कागद कुणी उलटत नाही. इथे तिन्ही एकाखाली एक दिसले आणि डोस १० केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘३ भेटी बीपी वर’.

पुढच्या भेटीला बीपी १३४/८४. पण बाई म्हणाल्या, “डॉक्टर, संध्याकाळी पाय सुजतात हो, चपला घट्ट होतात.” त्या दिवशी बसले होते माझ्या जागी आलेले दुसरे डॉक्टर. त्यांनी बाईंना आधी कधीच पाहिलं नव्हतं. अशा वेळी हात सहज लघवी वाढवणाऱ्या गोळीकडे जातो. पण सुजेची नोंद करताना वरच्याच ओळीत ‘अमलोडिपिन ५ → १०’ दिसत होतं. मागच्या ओळींत वजन होतं, ते वाढलं नव्हतं. दम लागत नव्हता, लघवीत प्रथिनं नव्हती. अमलोडिपिनने घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त येते, आणि ती लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही, कारण शरीरात पाणी वाढलेलं नसतं, ते केशवाहिन्यांतून बाहेर झिरपलेलं असतं. त्यांनी डोस परत ५ वर आणला, टेल्मिसार्टन ४० जोडली आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम करायला सांगितलं. कारण लिहिलं: ‘सूज, १० नंतर’. हे त्यांना सुचलंच असतं, कदाचित. पण साच्याचं काम एवढंच की शोधायला पानं चाळावी लागू नयेत.

दुसरा रकाना गोळी चुकल्याचा. मूळ आराखड्यात ‘औषध नियमित: होय/नाही’ असं होतं. त्यात सगळीकडे ‘होय’च्या टिका पडल्या, आणि पडणारच, डॉक्टरसमोर ‘नाही’ कोण म्हणेल? आता प्रश्न ठरलेला आहे, “गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी राहिली?” आणि उत्तर आकड्यातच लिहायचं. असं विचारलं की चुकणं गृहीत धरलेलं असतं, मग लोक मोकळेपणाने ‘दोन-तीन’ सांगतात. याला जोडून दोन तारखा बघायच्या. यायचं होतं पाच तारखेला, आला एकोणीसला, गोळ्या दिल्या होत्या पाचपर्यंतच्या. मग आजचा १६०/९६ हा औषध कमी पडल्याचा आकडा नाही, औषध संपल्याचा आहे. इथे डोस वाढवला तर पुढे गोळ्या नियमित सुरू झाल्यावर त्याच माणसाला चक्कर येईल.

रिकाम्या जागेचा नियम मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला. रकाना रिकामा म्हणजे मोजलं नाही, विचारलं नाही, की सगळं ठीक? आता मोजलं नाही तर आडवी रेघ, विचारलं आणि तक्रार नाही तर ‘नाही’. रिकामं काहीच सोडायचं नाही. साखरेच्या आकड्यापुढे ‘उ’, ‘जे’ किंवा ‘के’ हवंच: उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, किंवा केव्हाही. नुसता १६८ वाचून काय करायचं? उपाशीपोटीचा असेल तर चिंता, जेवणानंतरचा असेल तर बऱ्याच पेशंटमध्ये चालून जातो.

बीपीचा रकाना दर महिन्याला एकदा वरून खाली नुसता वाचतो. काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कुठलाही. सरासरी पाचातला एक आकडा शून्याने संपावा. रांगेने १३०/८०, १४०/९०, १३०/८० दिसायला लागले की समजायचं, अंदाजाने लिहिणं चाललंय. मी आमच्या कंपाउंडरला तसं दाखवलं तर तो म्हणाला, “सर, गर्दीत हवा भरभर सोडतो, काटा थांबतो कुठे ते नीट दिसत नाही.” रास्त तक्रार होती. हवा सेकंदाला साधारण २ मिलिमीटरने सोडायची, आणि त्यासाठी वजन-बीपीची खुर्ची रांगेपासून वेगळी केली. पाच मिनिटं बसणंही त्यामुळे आपोआप होतं.

आता न आवडलेलं. दोन दिवसांच्या तापाला, जुलाबाला हा तक्ता निव्वळ अडचण आहे. त्यांना जुना साधा कागदच बरा. लहान मुलांनाही हा चालत नाही, त्यांचं वजन वाढीच्या आलेखावर पाहावं लागतं. जुना पेशंट नवा त्रास घेऊन आला की ओळ कुठल्या क्रमांकाची, यावर अजून गोंधळ होतो: खोकला ही नवी समस्या, की रक्तदाबाच्या एनालाप्रिलचा परिणाम? आम्ही नवा क्रमांक देतो आणि कारण कळल्यावर जुन्याला जोडतो, पण घाईत जोडायचं राहतं.

संगणकावर हाच साचा करून पाहिला, तिथे ‘मागची ओळ कॉपी करा’ हे बटण मुद्दाम काढून टाकलं. ते असेल तर मागचं वजन, मागचं बीपी निमूटपणे आजच्या तारखेला चिकटतं. औषधांची यादी पुढे येऊ द्यावी, मोजलेले आकडे नाही.

पान भरल्यावर काय करायचं, हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. एका पानावर बारा ओळी बसतात. नव्या पानाच्या पहिल्या ओळीत मागची शेवटची ओळ लाल शाईने उतरवतो, पण आधीच्या दोन-तीन ओळींतला चढ त्यात दिसत नाही. पुढच्या छपाईत वर तीन ओळी फिक्या रंगात राखून ठेवायच्या म्हणतोय. उतरवताना आकडे चुकू नयेत म्हणून जुनं पान स्टेपल केलेलंच राहील.