आधी कॅलेंडर तपासायचं की चार खाने आखायचे?

वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा मित्र प्रॉडक्शन मॅनेजर आहे. हाताखाली पाच सुपरवायझर. त्याचा प्रश्न असा: "पोरांना शिकवायला आणि पुढच्या महिन्याचं नियोजन करायला वेळच उरत नाही. एक जण म्हणतो कॅलेंडर तपास, दुसरा म्हणतो चार खाने आखून कामं लाव. करू काय?"

चार खान्यांचा रस्ता सोपा वाटतो. कागदावर उभी-आडवी रेघ मारायची आणि प्रत्येक काम तातडीचं आहे का, महत्त्वाचं आहे का, हे पाहून खान्यात टाकायचं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 साली एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, म्हणून या तक्त्याला त्यांचं नाव चिकटलं. अर्ध्या तासात उरकतं. पण कामं आठवणीतून येतात, तिथंच गोची आहे. मित्रानं रविवारी बसून बावीस कामं लिहिली. त्यातली पंधरा "तातडीचं आणि महत्त्वाचं" या खान्यात गेली. फोन करणारा प्रत्येक माणूस घाईतच असतो, मग दुसरं काय होणार?

कॅलेंडर तपासायला, म्हणजे वेळ खरा कुठं जातो ते पाहायला, दोन आठवडे लागतात. त्यातला एक महिनाअखेरचा असावा, एक साधा. नुसता महिनाअखेरचा घेतला तर डिस्पॅचच्या धावपळीशिवाय काही दिसत नाही. शिवाय कॅलेंडरात फक्त बोलावलेल्या मीटिंगा असतात. शॉप फ्लोअरवरच्या माणसाचा निम्म्याहून जास्त दिवस त्यात उमटतच नाही. म्हणून खिशात छोटी वही ठेवून दर अर्ध्या तासाला दोन शब्द लिहायचे: "ब्रेकडाउन फोन", "गेट पास सही", एवढंच.

त्याच्या आठवड्याचे सरासरी 54 तास निघाले. मीटिंगा 21, फोन आणि उभ्या उभ्या सह्या 14, अहवाल 7, फेऱ्या 6, नियोजन 2, शिकवणं 1, उरलेले 3 इकडंतिकडं. शिकवण्यात आपले चार-पाच तास जातात असं तो छातीठोकपणे सांगत होता. मीटिंगमध्ये रागावणंही तो त्यात धरत होता!

माझं मत इथं ठरलं: आधी वही आणि कॅलेंडर, मग चार खाने, आणि खान्यांत कामं नव्हे, तास टाकायचे. "महत्त्वाचं" ठरवायला एकच कसोटी: हे मी पंधरा दिवस केलं नाही तर काय बिघडेल? सकाळची तासाची प्रॉडक्शन मीटिंग या कसोटीवर घासली. निर्णय वीस मिनिटांत होत होते, उरलेली चाळीस मिनिटं फळ्यावर लिहिलेलेच आकडे वाचण्यात जात होती. सहा दिवसांचे चार तास तिथं सुटले. दोन आढावा बैठकांत तो नुसता बसायचा. तिथं सुपरवायझर पाठवला, आणखी तीन तास.

फोनचे चौदा तास मात्र लगेच सोपवता येत नाहीत. इथं बरेच जण फसतात. अधिकार न देता काम सोपवलं की तोच फोन उलटा फिरून येतो, आणि अधिकार द्यायचा तर आधी शिकवावं लागतं. म्हणून मीटिंगांतून सुटलेल्या सात तासांपैकी पाच शिकवण्याला दिले, प्रत्येक सुपरवायझरला एक तास, दोन नियोजनाला. नंतर दोन तासांपर्यंतचा ओव्हरटाइम आणि टूल काढण्याची सही त्यांच्याकडं दिली. दोन महिन्यांनी फोन नऊ तासांवर आले.

प्रत्येकाला हाच क्रम बसेल असं नाही. तुमचं कॅलेंडर काटेकोर भरलेलं असेल आणि फोन कमी असतील तर वही नको. सरळ गेल्या महिन्याचं कॅलेंडर उघडून चार खाने आखा. लातूरच्या डाळ मिलसारख्या ठिकाणी कॅलेंडरच नसतं, तिथं वहीच खरी. आणि साखर कारखान्यात असाल तर गळीत हंगामात मोजणी करून वर्षाचा निष्कर्ष काढू नका. हंगामात सगळंच पेटलेलं असतं.

मोकळा केलेला तास टिकतोय का, ते मोजूनच कळतं. शिकवण्याच्या पाच ठरलेल्या बैठकांपैकी तीनसुद्धा झाल्या नाहीत तर वेळ चुकलीय. मित्रानं आधी दुपारी तीनची वेळ ठेवली होती, नेमकी शिफ्ट बदलायची. अकराला हलवल्यावर जमलं.

अहवालाचे सात तास अजून सातच आहेत. ते मुख्य कार्यालय मागतं. ते कोण वाचतं हे साहेबांना विचारायचा धीर त्याला अजून झालेला नाही.