एकाच गोदामाची दोन गोदामं : व्हिडिओवरच्या स्टॉक मोजणीत आम्हाला कसं फसवलं

मी ऑडिटर आहे. ज्या ऑडिटरना व्हिडिओ कॉलवरून कंपनीच्या स्टॉकची मोजणी करावी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंपनीचं नाव देणार नाही. पद्धत मात्र पूर्ण सांगते, कारण ती कोणालाही वापरता येईल इतकी सोपी आहे.

माल होता ग्लिसरीन. स्टीलचे ड्रम, प्रत्येकी २५० किलो निव्वळ वजनाचे, एका पॅलेटवर चार. कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकात दोन गोदामं होती : पहिलं कंपनीचं स्वतःचं, त्यात २४० ड्रम, दुसरं भाड्याचं, काही किलोमीटर लांब, त्यात १६०. वर्षअखेरीला प्रत्यक्ष जाणं जमणार नाही असं कंपनीकडून कळलं आणि मोजणी व्हिडिओवर ठरली. आदल्या संध्याकाळी हिशेबनिसांचा फोन आला. "मॅडम, कोणते बॅच नंबर बघायचेत ते आधी पाठवलंत तर शोधून ठेवतो. उद्या तुमचाच वेळ वाचेल." विनंती रास्त वाटण्यासारखी होती. त्यांना हवी होती ती नेमकी हीच यादी, म्हणजे कोणते ड्रम पुढच्या रांगेत हवेत ते रात्रीच ठरवता आलं.

मोजणी छान झाली. तशी व्हावी अशी तयारीच होती. गोदामपाल फोन घेऊन रांगांमधून फिरला, मागितलेली लेबलं दाखवली, ड्रमवर बुक्की मारून भरल्याचा आवाज ऐकवला. पहिलं गोदाम संपल्यावर म्हणाला, "साहेबांबरोबर गाडीने दुसऱ्या गोदामावर जातो, तिथून कॉल लावतो." कॉल बंद झाला. पाऊण तासाने पुन्हा सुरू झाला तेव्हा समोर वेगळं शटर, वेगळी पाटी, आत पुन्हा ड्रम. १६० भरले. यादीशी जुळले.

दुसरं गोदाम नव्हतंच. त्याच शेडचं मागचं शटर होतं ते. मधल्या वेळात पुढच्या रांगांवरची कागदी लेबलं बदलली, पॅलेट थोडी इकडची तिकडे केली, शटरवर पाटी टांगली आणि तेच ड्रम पुन्हा मोजून घेतले. पुढे कंपनीचे पैसे थकले आणि कर्ज देणाऱ्यांची माणसं ताबा घ्यायला गेली, तेव्हा हे उघड झालं. एकच शेड, २४० ड्रम, आणि आतल्या रांगांमधल्या बऱ्याच ड्रममध्ये नळाचं पाणी.

त्यानंतर दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून पाहिली. खालच्या कडेला चेपलेला एक ड्रम, त्यावर फोर्कलिफ्टच्या पिवळ्या रंगाचा तिरका ओरखडा. तो पहिल्या गोदामात आहे, आणि दुसऱ्यातही आहे. लेबल तेवढं वेगळं. लेबल पाच मिनिटांत बदलतं; चेपलेला पत्रा, गंजाचा डाग, पॅलेटची तुटलेली फळी बदलत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा बघताना लेबलांपेक्षा या खुणा शोधा.

पाण्याचं तर गणितच आहे. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सुमारे सव्वापट जड, म्हणून २०० लिटरच्या ड्रममध्ये २५० किलो बसतं. तेवढंच पाणी भरलं तर भरतं २०० किलो. रिकाम्या ड्रमचे १८-२० किलो धरले, तर खरा ड्रम काट्यावर २७० च्या आसपास दाखवेल आणि पाण्याचा २२० च्या. काठोकाठ भरला तरी साधं पाणी २५० किलोपर्यंत पोचत नाही. बुक्कीचा आवाज दोघांचा सारखाच भरीव. म्हणून कॅमेऱ्यासमोर काट्यावर चढवायला सांगा, आणि तोही आतल्या रांगेतला, त्याच क्षणी तुम्ही बोट दाखवाल तो. आधी काट्यावर माहीत असलेलं एखादं वजन ठेवायला लावा, कारण काटाही त्यांचाच असतो. बूच उघडून थोडं ओतायला सांगितलं तर आणखी बरं. ग्लिसरीन मधासारखं सावकाश पडतं.

आता कागद. भाड्याच्या गोदामाच्या मालकाकडून आम्हाला थेट पत्र आलं होतं, १६० ड्रम ताब्यात असल्याचं. थेट म्हणजे ईमेलवर, आणि तो ईमेल पत्ता आम्हाला दिला होता कंपनीनेच. तिथेच त्या 'थेट'चा अर्थ संपतो. तिऱ्हाइताकडून आलेला पुरावा भक्कम धरतात, तो ऑडिट होणाऱ्याच्या हातातून गेलेला नसतो म्हणून. पत्ता, फोन नंबर किंवा पाकीट त्यांनी दिलं की ते पत्र त्यांचंच झालं. पत्ता स्वतंत्रपणे शोधायचा आणि तिथे फोन करून विचारायचं. ते पत्र पीडीएफ होतं. फाइलच्या गुणधर्मांत तयार करणाऱ्याचं नाव पाहिलं तर ते कंपनीच्या हिशेबनिसांच्या संगणकाचं निघालं. या जागी नाव सापडलं तर उपयोग होतो. सापडलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, ती माहिती पुसणं एका मिनिटाचं काम आहे.

वजनकाट्याच्या पावत्या जास्त बोलक्या होत्या. माल आत आल्याच्या पावत्या स्कॅन करून पाठवल्या होत्या, तारखा तीन आठवड्यांत पसरलेल्या, पण पावती क्रमांक एकापाठोपाठ एक. दिवसभर गाड्या येणाऱ्या काट्यावर तीन आठवड्यांत दुसरी एकही गाडी आली नाही, असं होत नाही. शिवाय वेगवेगळ्या नंबरांच्या तीन गाड्यांचं रिकामं वजन किलोपर्यंत सारखं. एकेक पावती पाहिली तर निर्दोष दिसते. सगळ्या तारखेनुसार एका तक्त्यात मांडल्या की खोटेपणा दिसतो. स्कॅनवरून कागद अस्सल आहे की नाही हे सहसा कळत नाही, म्हणून काट्याच्या मालकाच्या वहीतली नोंद मागवावी लागते.

मोजणी व्हिडिओवर करायचीच असेल, तर दोन्ही जागी एकाच वेळी कॅमेरे हवेत. एक बंद करून दुसरा सुरू करायचा, हे मान्य करू नका. कॅमेरा रस्त्यावरून, फाटकातून, न थांबता आत जावा. फोनवर दिसणारं ठिकाण खोटं दाखवता येतं, त्यावर भिस्त नको. मोजलेल्या प्रत्येक पॅलेटवर तुम्ही त्या क्षणी सांगाल ती खूण खडूने करायला लावा. नेटवर्क तुटलं, तर ती रांग पुन्हा पहिल्यापासून. यादी आधी द्यायची नाही. आणि नुसती यादीवरून ड्रमकडे नाही, जमिनीवरच्या ड्रमवरून यादीकडेही तपासायचं.

एवढं करूनही कॅमेरा काय सांगतो? तो जिथे वळवला तिथे त्या वेळी काय दिसत होतं, तेवढंच. माल कोणाचा आहे, तारण आहे का, आत काय आहे, कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे, हे तो सांगत नाही. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक ५०१ नुसार स्टॉक महत्त्वाचा असेल तर मोजणीला हजर राहायचं असतं, ते अव्यवहार्य असेल तेव्हाच पर्याय. आणि नुसती गैरसोय म्हणजे अव्यवहार्य नव्हे, हेही तिथे स्पष्ट आहे. पर्याय म्हणून वर्षअखेरीआधी घेतलेला तोच माल नंतर विकला गेल्याचे कागद तपासता येतात, किंवा जवळच्या दुसऱ्या ऑडिटरला पाठवता येतं. तेही जमलं नाही, तर मानक ७०५ प्रमाणे अहवालातलं मत बदलावं लागतं.

हल्ली मी कामाच्या नोंदीत 'स्टॉक पाहिला' असं लिहीत नाही. लिहिते : 'कंपनीच्या कर्मचाऱ्याने धरलेल्या फोनवरून इतके ड्रम दिसले, इतके काट्यावर चढवले, आतल्या इतक्या रांगांपर्यंत कॅमेरा गेला नाही.' मालकांना ते वाक्य आवडत नाही. मग ते विचारतात की काढून टाकायला काय करावं लागेल, आणि मी भेटीची तारीख मागते.