सहा महिने आयर्नच्या गोळ्या: काळ्या संडासचा माझा अनुभव

पौषात हिमोग्लोबिन 8.6 निघालं आणि गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, चहा तासभर नंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शौचाला काळी होऊ लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, अंगात न मुरलेल्या लोहाचा तो रंग. नीट पाहिलं तर काळ्यात हिरवट झाक, खडा घट्ट, वास नेहमीचाच. ओल्या टिश्यूवर पसरली की कडेला हिरवट डाग. बद्धकोष्ठाचा त्रास मात्र झाला, त्यासाठी गोळीला एक गुण कमी. महिन्याने हिमोग्लोबिन 10.1, दोन महिन्यांनी 10.9.

चैत्रात नाशिकहून वणीच्या गडावर पायी गेले. परतल्यावर गुडघे सुजले, म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून पाच दिवस घेतली, तीही बऱ्याचदा रिकाम्या पोटी. सहाव्या दिवशी पुन्हा काळी. मी म्हटलं, आयर्नच. इथेच दोन दिवस वाया घालवले.

खरं तर फरक डोळ्यांसमोर होता. ही डांबरासारखी चकचकीत, पातळ नि चिकट होती, भांड्याला चिकटून बसायची, दोन बादल्या पाण्यानेही जाईना. वास तर असा की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय गं, काय सडलंय?" टिश्यूवर ओली कड हिरवट नाही, तांबूस-काळी. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

दवाखान्यात नाडी 112, हिमोग्लोबिन 8.1. गोळी चालू असताना ते घसरतंय, म्हणजे कुठून तरी जातंय. क्रिएटिनिन ठीक, पण युरिया वाढलेला. पोटातलं रक्त आतड्यात पचतं, त्यातल्या प्रथिनांमुळे युरिया चढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. दुर्बिणीतून जठरात अल्सर दिसला.

मी विचारलं, यापुढे रंग आणि टिश्यू बघून ओळखता येईल ना? ते म्हणाले, डांबरासारखी दिसली तर लगेच या. पण साधी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त थोडं थोडं झिरपत असेल तर रंग बदलतही नाही, आणि आयर्नच्या काळ्यात तर काहीच कळत नाही. म्हणून गोळी आहे तोवर हिमोग्लोबिन तपासत राहायचं.

अल्सरमागे पेनकिलरबरोबर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही निघाला. चौदा दिवसांच्या औषधांत बिस्मथ होतं, आयर्न तेवढे दिवस बंद. तरी शौचाला पुन्हा काळी! यावेळी घाबरले नाही, कारण चिकटपणा नाही, तो वास नाही, आणि जीभही काळी पडलेली. बिस्मथ गंधकाशी मिळून काळं पडतं, तोंडात आणि आतड्यातही. रक्तस्रावाने जीभ अशी काळी होत नाही. ह्यांनी बघितली आणि म्हणाले, "जांभळं एवढ्या लवकर कुठून आणलीस?"

कोर्स संपल्यावर काही दिवसांत जीभ साफ झाली. आयर्न पुन्हा सुरू आहे, गेल्या आठवड्यात 11.8. गुडघ्याला आता नुसता शेक.