शिर्डी, साकोरी की मेहेराबाद: गुरूनंतरच्या सत्तेवर निबंध लिहायचा तर कोणतं उदाहरण निवडावं?

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मॅक्स वेबर शिकवून झाला की नाशिकची मुलं हमखास शिर्डीवर निबंध लिहायला घेतात. गाव जवळचं, सिन्नरमार्गे दोनेक तासांत पोचता येतं आणि घरातलं कोणी ना कोणी तिथे जातच असतं. शिर्डी वाईट निवड आहे असं नाही. पण तिच्यापासून थोड्या अंतरावर साकोरी आहे आणि नगरच्या पलीकडे मेहेराबाद. तिन्ही स्थानं एकाच गुरुसाखळीतली आहेत. साईबाबांकडे आलेले उपासनी महाराज साकोरीत स्थिरावले. मेहेरबाबा आधी शिर्डीत साईबाबांना भेटले आणि मग साकोरीत उपासनींजवळ राहिले. मुलूख, काळ आणि भक्तांची भाषा बरीचशी सारखी. वेगळं आहे ते संस्थापक गेल्यानंतर काय घडलं, एवढंच. तुलना करणाऱ्याला अशी जुळणी सहसा मिळत नाही, म्हणून निवड करण्यापूर्वी तिघांकडेही नीट पाहावं.

वेबरचा मुद्दा आधी थोडक्यात. करिश्म्यावर उभी राहिलेली सत्ता एका माणसात मानलेल्या असामान्य गुणांवर टिकते. नियम, वंश किंवा पगार यांचा तिला आधार नसतो. त्यामुळे तो माणूस गेला की ती सत्ता एक तर विरते, नाही तर रोजच्या व्यवहारात उतरते. या उतरण्याला आपण नित्यीकरण म्हणतो. त्याच्या वाटा वेबरने मोजून दिल्या आहेत: लक्षणांवरून नवा माणूस शोधणं, कौल किंवा दृष्टान्त, गुरूने स्वतः केलेली नेमणूक, निकटच्या शिष्यवर्गाने केलेली निवड, रक्ताचा वारसा, आणि विधीने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं पद. विद्यार्थी ही यादी पाठ करतात, पण तिच्यामागचं कारण विसरतात. नित्यीकरणाला रेटा देतात ते मागे राहिलेले लोक. त्यांचं जेवणखाण, मान, राहण्याची जागा आणि आयुष्याचा अर्थ या सगळ्यावर गदा येणार असते. निबंधात हा रेटा दिसला नाही तर खाली उरतं नुसतं चरित्र.

शिर्डीचा खरा ऐवज 1918 ते 1922 या चार वर्षांत आहे, आणि त्यातही पहिल्या दीड दिवसात. साईबाबांनी देह ठेवला 15 ऑक्टोबर 1918 रोजी, दसऱ्याच्या दुपारी. वारस नेमलेला नव्हता. देह कुठे ठेवायचा यावरून गावात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, मोकळ्या जागेत दफन करून कबर बांधावी. यात मुसलमान भक्त होते, तसे काही हिंदूही. दुसऱ्या बाजूचा आग्रह नागपूरचे गोपाळराव बुटी बांधत असलेल्या वाड्याचा होता. तिथे मुरलीधराची मूर्ती बसवायची होती आणि मधला चौथरा रिकामा होता. भक्तांनी लिहून ठेवलेल्या हकिकतींनुसार हा वाद सुमारे 36 तास चालला. बुधवारी पहाटे गावचे जोशी लक्ष्मणमामा यांना स्वप्नात बाबा दिसले. बापूसाहेब जोग मला मेलेला समजतोय, तो येणार नाही, तू येऊन काकड आरती कर, असं त्यांनी सांगितलं. लक्ष्मणमामा मशिदीत गेले आणि मौलवींच्या विरोधाला न जुमानता त्यांनी आरती केली. त्यानंतर कोपरगावचे मामलेदार आले. त्यांनी लोकांचं मत घेतलं, तेव्हा वाड्याच्या बाजूने दुप्पट मतं पडली. तरीही प्रकरण कलेक्टरकडे पाठवावं असं त्यांना वाटत होतं, आणि वाड्याच्या बाजूचे भक्त काकासाहेब दीक्षित त्यासाठी नगरला जायला निघणार होते. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने माघार घेतली आणि बुधवारी संध्याकाळी देह वाड्यात ठेवला गेला.

या हकिकतीपाशी थोडं थांबायला हवं. आरती चालू राहावी हे स्वप्नाने ठरवलं, म्हणजे वेबरच्या यादीतल्या दृष्टान्ताने. देहाची जागा मतांनी ठरवली, आणि मतं घेणारा होता इंग्रज सरकारचा महसुली अधिकारी. पैशाचा प्रश्न 1922 मध्ये सुटला: अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने संस्थानच्या कारभाराची योजना मंजूर केली आणि विश्वस्त समिती आली. हयातीत बाबा दक्षिणा घेत आणि दिवस मावळायच्या आत वाटून टाकत. शुद्ध करिश्मा नियमित उत्पन्न नाकारतो, असं वेबर म्हणतो, त्याचं याहून नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याच दक्षिणेला चार वर्षांत हिशेबाची वही लागली. दृष्टान्त, बहुमत आणि कायदा, अधिसत्तेचे तीन वेगवेगळे आधार इतक्या थोडक्या काळात एकापाठोपाठ एक पुढे आले.

व्यक्तीकडून करिश्मा गेला तो वस्तूंकडे आणि जागेकडे. समाधी, धुनी, उदी, द्वारकामाई. गादी मोकळीच राहिली. तेराव्याचे विधी बाळासाहेब भाट्यांबरोबर उपासनींनी केले, पण त्यामुळे ते शिर्डीचे गुरू ठरले नाहीत. गादी मोकळी ठेवण्याची किंमतही असते. त्या गादीवर बाहेरून कोणीही हक्क सांगू शकतो. पुढे पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांनी आपण शिर्डीच्या बाबांचाच अवतार असल्याचं सांगितलं. असा दावा खरा की खोटा हे ठरवणारी गुरुपरंपरा शिर्डीत नव्हती, होती ती मिळकतीची व्यवस्था पाहणारी समिती. 2004 मध्ये राज्याने संस्थानसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे समिती नेमणं आता सरकारच्या हाती आहे, आणि तिथले वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात.

शिर्डी घेणाऱ्याला दोन अडचणी हमखास येतात. पहिली, 1918 ची हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती जिंकलेल्या बाजूच्या लेखणीतून. दीक्षित स्वतः वादातला एक पक्ष होते, आणि संस्थानच्या पुढच्या कारभारातही ते आघाडीवर राहिले. शेवटी सगळे एकमत झाले, हे वाक्य हकिकतीत येतं तिथेच पेन्सिलीने खूण करावी, कारण हरलेल्यांचा आवाज तिथे बुडालेला असतो. दुसरी अडचण आकाराची. शंभर वर्षांचं देवस्थान, दवाखाना, प्रसादालय, पदयात्रा या सगळ्याला हात घातला की निबंध पर्यटनाचा होऊन जातो. शिर्डीच घ्यायची असेल तर 1922 ला थांबा आणि कागदपत्रांवर काम करा.

साकोरीचं सगळं वेगळं. उपासनी महाराज म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सटाण्याचे काशीनाथ गोविंद उपासनी, जन्म 1870. 1911 मध्ये ते शिर्डीत आले आणि खंडोबाच्या देवळात राहिले. साकोरीत ते 1917 मध्ये गेले. तिथे त्यांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं. ब्रह्मचारिणी मुलींना वेदमंत्र आणि यज्ञविधी शिकवले गेले, आणि पुरुष पुरोहितांची मक्तेदारी असलेलं काम त्या करू लागल्या. त्यावरून महाराजांवर टीकेची झोड उठली, कोर्टकचेऱ्याही झाल्या. 24 डिसेंबर 1941 रोजी ते गेले तेव्हा गादी रिकामी राहिली नाही. लहान वयात आश्रमात आलेल्या गोदावरीमातांना त्यांनी हयातीतच पुढे आणलं होतं, आणि 1990 मध्ये निधन होईपर्यंत त्याच साकोरीच्या प्रमुख होत्या.

वेबरच्या चौकटीत इथे दोन वाटा एकत्र येतात. पहिली गुरूने केलेली नेमणूक. दुसरी पदाचा करिश्मा, कारण कन्यांचं सामर्थ्य शिकलेल्या विधीत आहे आणि तो विधी एकीकडून दुसरीकडे देता येतो. ब्रह्मचर्यामुळे रक्ताच्या वारशाची वाट आपोआप बंद होते. त्यामुळे मुलगा की शिष्य हा वाद, जो पुष्कळ मठांची वाताहत करतो, इथे उद्भवतच नाही. नेमणूक केल्याने प्रश्न सुटला असं मात्र समजू नये. तो एका पिढीने पुढे ढकलला जातो, एवढंच. नेमलेल्या व्यक्तीला गुरूने बोट धरून गादीवर बसवलेलं असतं. तिच्यानंतर येणाऱ्यामागे ते बोट नसतं. म्हणून साकोरीत अभ्यासाचं खरं वर्ष 1941 नसून 1990 आहे. तेव्हापासून अधिकार व्यक्तीकडे राहिला, कन्यांच्या समूहाकडे गेला, की यज्ञाच्या वेळापत्रकात मुरला, हे तिथे बसून पाहता येतं. नवी मुलगी आश्रमात घ्यायची की नाही हे कोण ठरवतं, मुख्य यज्ञात यजमानाच्या जागी कोण बसतं, बँकेच्या कागदांवर सही कोणाची, या तीन प्रश्नांना एकाच व्यक्तीचं नाव उत्तर म्हणून येतं की तीन वेगळी नावं येतात, यावरून नित्यीकरण कुठवर आलंय ते कळतं. तीन नावं आली तर करिश्मा कामांत वाटला गेलाय असं समजा.

मेहेराबादबद्दल थोडक्यात. मेहेरबाबा 31 जानेवारी 1969 रोजी गेले. त्यांची समाधी नगरजवळ अरणगावला आहे. 1930 च्या दशकात पाश्चात्त्य शिष्यांसाठी त्यांनी काही काळ नाशिकलाही आश्रम चालवला होता. त्यांनी वारस नेमला नाही, पण हयातीतच, 1959 मध्ये, ट्रस्ट करून ठेवला. म्हणजे शिर्डीत न्यायालयाने जे नंतर केलं ते इथे गुरूने आधीच केलं. तिथला करिश्मा बराच काळ सहवासात राहिला. मंडळी म्हणून ओळखले जाणारे जवळचे शिष्य आठवणी सांगत आणि लोक त्यांना ऐकायला येत. मेहेरा 1989 मध्ये गेल्या, एरच जस्सावाला 2001 मध्ये, भाऊ कलचुरी 2013 मध्ये. प्रत्यक्ष पाहिलेल्यांची पिढी ओसरली की पाहिलेलं हळूहळू वाचलेलं होतं, आणि त्याबरोबर अर्थ लावण्याचा अधिकार ग्रंथ आणि ध्वनिफिती सांभाळणाऱ्यांकडे सरकतो. विषय सुरेख आहे. पण पुष्कळ साहित्य इंग्रजीत आहे, भक्त जगभर पसरलेले आहेत आणि नाशिकहून अंतरही जास्त. एका सत्राच्या निबंधाला हे जड जाईल. पीएचडीचा विचार असेल तर जरूर जपून ठेवा.

मला विचाराल तर सत्रनिबंधासाठी मी साकोरी घ्यायला सांगेन, आणि शेजारी 1918 ते 1922 ची शिर्डी. सटाण्याचा माणूस नाशिकच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा ही माझी आवड झाली, पण कारण ते नाही. शिर्डीत सगळा निवाडा पहिल्याच मृत्यूपाशी झाला, कारण समाधीला दुसरा मृत्यू नसतो. साकोरीत दुसरा मृत्यू झाला, आणि त्याचे साक्षीदार अजून बोलू शकतात. ज्याला माणसांपेक्षा कागदांत जास्त गती आहे, त्याने मात्र शिर्डीच धरावी. अशा विद्यार्थ्याला साकोरीच्या मुलाखतींत काही हाती लागणार नाही, कारण आश्रमातली माणसं सत्तेबद्दल विचारलं तर सेवेबद्दल सांगतात, आणि त्या उत्तरातून सत्ता वाचायला चार-पाच भेटी तरी लागतात. पहिली भेट उत्सवाच्या दिवशी ठेवू नका. साध्या दिवशी सकाळच्या यज्ञाला जा, आणि कोण कोणाकडे बघून हात हलवतं ते टिपा.