सिक्युअर बूट चालू, स्क्रीन काळी: जुन्या ग्राफिक्स कार्डासोबत सात महिने

मुलाच्या गेमने सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही पटलेलेच प्रोग्रॅम चालू देणारा पहारा, मागितला. बायॉसमध्ये तो चालू केला, F10 दाबून सेव्ह केलं आणि मॉनिटरवर ‘No Signal’. पंखे फिरत होते, कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवाही दाबला की पेटत होता. म्हणजे मशीन जिवंत होतं, चित्र तेवढं गायब. मी आधी केबल बदलली, मग रॅम काढून पुसून बसवली. अर्धा रविवार गेला.

दोष निघाला सेकंड-हँड घेतलेल्या 2012 च्या कार्डाचा. कार्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ऑप्शन रॉम म्हणतात. विंडोज सुरू होईपर्यंत पडद्यावर जे दिसतं ते त्याच्या जोरावर. सिक्युअर बूट चालू असला की बोर्ड आधी त्याच्यावरची डिजिटल सही तपासतो, आणि ती पटली नाही तर तो प्रोग्रॅम चालवतच नाही.

कार्ड काढलं, केबल मदरबोर्डच्या HDMI ला लावली, तेव्हा चित्र आलं. समोर डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरचा निळा पडदा, 48 आकडी रिकव्हरी की मागत! बहुधा आधीही काळ्या पडद्यामागे हेच चाललं असावं. तुमची की आधी कागदावर उतरवून ठेवा, मोबाइलवर शोधत बसायला मला वीस मिनिटं लागली.

खात्रीसाठी कार्ड परत बसवून CSM हा जुन्या पद्धतीने बूट करू देणारा पर्याय बंद ठेवला आणि सिक्युअर बूटही बंद केला. चित्र आलं. मग फक्त सिक्युअर बूट चालू केला, पुन्हा काळोख. पहिल्या वेळीही काळोखच असता तर रॉममध्ये UEFI चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायॉससाठीचा, भागच नाही असं मानलं असतं. इथे तो होता, सही नव्हती. म्हणूनच कार्डाची माहिती दाखवणाऱ्या GPU-Z मध्ये UEFI समोर टिक दिसत होती. ती टिक सहीबद्दल काहीच सांगत नाही, मी मात्र तिच्यावरच विसंबलो होतो.

उपाय साधा निघाला: बायॉसमध्ये Primary Display ला IGFX. सुरुवातीचा पडदा प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर येतो, विंडोजचा ड्रायव्हर चढला की जुनं कार्ड जागं होतं. पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडून तपासलं:

```
Confirm-SecureBootUEFI
```

उत्तर `True`. सात महिन्यांत गेमने तक्रार केली नाही.

कटकट आहेच. मॉनिटरला दोन केबल लागतात, बायॉसमध्ये जायचं तर मॉनिटरचं इनपुट बदलावं लागतं, आणि थोडी रॅम प्रोसेसरचं ग्राफिक्स खातं. नाव F ने संपणारा इंटेल प्रोसेसर असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, तिथे ही युक्ती चालणार नाही. काही बोर्डांत ऑप्शन रॉमसाठी Always Execute असा पर्याय मिळतो, पण मग कुठल्याही कार्डाचा रॉम सहीशिवाय चालेल. मी तो लावला नाही. बॅटरी काढून सेटिंग मूळपदाला येईल या भरवशावरही राहू नका, काही बोर्डांवर सिक्युअर बूटची नोंद त्यातूनही टिकते.

पुढचं कार्ड घेताना दुकानातच सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर लावून बघणार आहे.